नागपुरी संत्र्याचं स्क्वॅश: लिटरला किती रस, किती साखर, किती सायट्रिक ॲसिड आणि पेल्यात किती पाणी

आमच्याकडे विदर्भात संत्र्याचे दोन हंगाम. आंबिया बहाराची फळं दिवाळीच्या आगेमागे येतात आणि मृग बहाराची साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये. स्क्वॅशसाठी मी मृगाचीच फळं धरते. ती गोडीला चांगली असतात, आणि तेव्हा भरलेल्या बाटल्या दोन महिन्यांनी, ऐन मे महिन्याच्या उन्हात, कामी येतात.

पहिल्या वर्षी मी लिंबाच्या पाकासारखंच सगळं केलं होतं. रस काढला, त्यात साखर घातली, गॅसवर ठेवून चांगली उकळी आणली आणि गरम गरम बाटल्यांत भरलं. रंग सुरेख आला होता. दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी एक घोट घेतला आणि पेला खाली ठेवला. स्क्वॅश कडू झालं होतं, कारल्यासारखं नाही, पण घशात मागे रेंगाळणारं कडू. पाच लिटर गेलं. तेव्हापासून एक गोष्ट मी पक्की धरली आहे: संत्र्याच्या स्क्वॅशमध्ये पाक उकळायचा, रस कधीच उकळायचा नाही. पुढची जवळजवळ सगळी कृती या एका गोष्टीभोवती फिरते.

एका लिटरचं प्रमाण

स्क्वॅश म्हणजे रस, साखर, आम्ल आणि पाणी यांचं असं मिश्रण, जे पिताना पाणी घालून पातळ करायचं असतं. आपल्या अन्नसुरक्षा नियमांप्रमाणे स्क्वॅश म्हणून विकायच्या पेयात वजनाने किमान 25 टक्के फळांचा रस आणि किमान 40 टक्के विद्राव्य घटक लागतात. विद्राव्य घटक म्हणजे मुख्यतः साखर, घातलेली आणि रसातली मिळून. घरी करताना कुणी तपासायला येत नाही, पण हे आकडे चांगले आहेत. रस याहून कमी झाला की नुसतं गोड पाणी लागतं, आणि साखर कमी झाली की टिकण्याचा प्रश्न येतो.

तयार स्क्वॅशच्या एका लिटरसाठी माझं प्रमाण असं:

- गाळलेला संत्र्याचा रस: 330 मिली
- साखर: 550 ग्रॅम
- पाणी: 310 मिली
- सायट्रिक ॲसिड: 10 ग्रॅम
- पोटॅशियम मेटाबायसल्फाइट, म्हणजे केएमएस: 0.6 ग्रॅम

रस आणि पाणी मिळून 640 मिलीच होतात, मग लिटर कसं भरतं, असं बऱ्याच जणी विचारतात. साखर विरघळली तरी तिची जागा राहते. 550 ग्रॅम साखर विरघळून साधारण 340 मिली जागा घेते. म्हणून "लिटरभर रसात दोन किलो साखर" अशा तोंडी प्रमाणाने केलं की शेवटी किती लिटर होईल याचा अंदाज चुकतो, आणि लिटरमागे घालायचं केएमएसही चुकतं. सगळं तयार स्क्वॅशच्या लिटरवर मोजलेलं बरं.

या प्रमाणात रस वजनाने 28 टक्क्यांच्या आसपास बसतो आणि विद्राव्य घटक 49 टक्क्यांच्या आसपास. विद्राव्य घटकांचे टक्के ब्रिक्समध्ये दाखवणारा, हातात धरायचा रिफ्रॅक्टोमीटर असेल तर थंड स्क्वॅशचा एक थेंब त्यावर टाकून बघा, 48 ते 50 ब्रिक्स दिसायला हवं. नसला तरी अडत नाही, फक्त साखर आणि सायट्रिक ॲसिड वजन करूनच घ्या. वाटीने मोजू नका. बारीक साखर आणि जाड साखर यांची एक वाटी सारखी भरत नाही.

साखर एकटी टिकवत नाही

हा मुद्दा नीट कळला की प्रमाणात कुठे हात घालायचा आणि कुठे नाही, ते आपोआप कळतं. मुरांबा किंवा जॅम टिकतो तो साखरेच्या जोरावर, कारण त्यात साखर 65 टक्क्यांच्या वर असते आणि जंतूंना वापरायला मोकळं पाणी उरत नाही. स्क्वॅशमध्ये साखर निम्मीच असते. एवढ्या गोडीत यीस्ट आरामात वाढतं. म्हणून बाकीचं काम आम्ल आणि केएमएस मिळून करतात. आंबट मिश्रणात केएमएसमधून सल्फर डायऑक्साइड सुटतो आणि तो यीस्ट आणि बुरशी यांना रोखतो. मिश्रण जितकं आंबट, तितका तो जास्त परिणामकारक. म्हणजे सायट्रिक ॲसिड केवळ चवीपुरतं नसतं. ते कमी केलं की केएमएसही कमजोर पडतं.

एका वर्षी "गोड जरा कमी कर" असं घरच्यांनी सांगितलं म्हणून मी लिटरला 400 ग्रॅमच साखर घातली, आणि संत्री आंबट आहेत असं समजून सायट्रिक ॲसिडही निम्मं केलं. केएमएस तर चिमटीने टाकलं होतं, मोजलंच नव्हतं. तीन आठवड्यांनी स्वयंपाकघरातल्या कपाटात एका बाटलीचं झाकण उडालं. बाकीच्या बाटल्या उघडताना सोड्यासारखा फस्स आवाज आला. गोड कमी हवं असेल तर ते पेल्यात पाणी वाढवून करावं, बाटलीत नाही.

केएमएस घालायचंच नसेल, तर हेच स्क्वॅश फ्रिजमध्ये ठेवून दोन आठवड्यांत संपवायचं, नाहीतर लहान डब्यांतून फ्रीजरमध्ये ठेवायचं. लिंबाचं किंवा अननसाचं स्क्वॅश बाटलीत भरून गरम पाण्यात पाश्चराइझ करता येतं, पण संत्र्याला ती उष्णता सोसत नाही, पुन्हा तेच कडूपण येतं.

फळ निवडणं आणि रस काढणं

संत्र्याच्या बिया, फोडींवरची पातळ कातडी आणि मधला पांढरा गाभा यांत एक द्रव्य असतं. फळात असताना ते कडू नसतं. फळ पिळलं, पेशी फुटल्या, आणि ते रसातल्या आम्लात मिसळलं की हळूहळू त्याचं लिमोनिन बनतं, आणि लिमोनिन चांगलंच कडू असतं. म्हणून ताजा रस गोड लागतो आणि तोच रस सकाळचा संध्याकाळपर्यंत ठेवला की कडवट होतो. उष्णता मिळाली की हीच क्रिया काही मिनिटांत होते. माझ्या पहिल्या वर्षीच्या स्क्वॅशचं तेच झालं होतं.

आम्ल तर स्क्वॅशमध्ये असणारच. म्हणून इलाज दोनच उरतात: ते द्रव्य रसात कमीत कमी उतरू देणं, आणि रसाला उष्णता न देणं. पूर्ण पिकलेल्या फळात ते कमी असतं. हंगामाच्या सुरुवातीची, हिरवट देठाची फळं दिसायला छान असली तरी स्क्वॅशला घेऊ नका. हातात जड लागणारं, साल थोडी सुटलेली आणि देठाजवळ मऊ न पडलेलं फळ घ्या. डागी चालेल, पण एकही सडलेलं फळ चालणार नाही. एका फळाचा आंबूस वास सगळ्या रसाला लागतो.

सगळा माल कामाला लावण्याआधी मी एक चाचणी करते. दोन संत्र्यांचा रस काढून चमचाभर बाजूला ठेवायचा आणि उरलेल्यातला दोन-तीन चमचे रस लहान कढल्यात उकळून थंड करायचा. मग दोन्ही चाखायचे. उकळलेला रस थोडा वेगळा लागणारच, शिजल्यासारखा. पण तो स्पष्ट कडू लागला, तर ती संत्री खायला वापरायची, स्क्वॅश त्यांचं करायचं नाही. पाच मिनिटांचं काम आहे, आणि त्याने माझे दोनदा तरी काही किलो वाचले आहेत.

रस काढण्याचं काम वेळखाऊ आहे, ते मान्य. संत्र्याची साल ढिली असते, म्हणून मोसंबीसारखं अर्धं कापून दाबयंत्रात घातलं की सालीतलं तेल रसात उतरतं. थोडं तेल सुगंध देतं, पण जास्त झालं की ठेवणीत त्याला टर्पेंटाइनसारखा उग्र वास येतो. म्हणून साल काढा, पांढरे दोरे जमतील तेवढे खुडा, फोडी सुट्या करा. प्रत्येक फोडीच्या आतल्या बाजूची कड लहान कात्रीने कापली की बिया अंगठ्याने सरळ बाहेर येतात. दोघीजणी बसल्या तर तीन किलोला तासभर लागतो. बिया काढलेल्या फोडी मिक्सरमध्ये घालून फक्त दोन-तीन झटके द्या, गुळगुळीत वाटू नका. नाहीतर स्वच्छ धुतलेल्या हातांनीच चुरडा. मग मोठ्या भोकांच्या गाळणीतून रस गाळा. गाळणीत राहिलेला चोथा फडक्यात घालून पिळायचा मोह होतो, कारण रस वाया जातोय असं वाटतं. पण त्या शेवटच्या पिळण्यातच कडूपण सगळ्यात जास्त येतं. तो चोथा सोडून द्या.

किलोभर संत्र्यांतून असा साधारण 400 मिली रस निघतो. फळ कोरडं असेल तर कमी. त्यामुळे लिटरभर रसासाठी तीन किलो संत्री आणलेली बरी.

भांडी स्टीलची किंवा काचेची. तांबं, पितळ, ॲल्युमिनियम यांपैकी कशातही हा रस किंवा पाक ठेवू नका. आम्लामुळे धातू उतरतो आणि चवही बिघडते.

तीन लिटरचा एक घाणा

तीन लिटर म्हणजे 750 मिलीच्या चार बाटल्या. त्यासाठी रस 1 लिटर, साखर 1 किलो 650 ग्रॅम, पाणी 930 मिली, सायट्रिक ॲसिड 30 ग्रॅम.

काम पाकापासून सुरू करायचं, रस शेवटी काढायचा. रस आधी काढून ठेवला आणि पाक गार व्हायची वाट बघत बसलं की तेवढ्या वेळात रस कडवट व्हायला लागतो. मी आदल्या रात्रीच पाक करून झाकून ठेवते आणि सकाळी संत्री सोलायला घेते.

पाण्यात साखर आणि सायट्रिक ॲसिड घालून मंद आचेवर ढवळत विरघळवा. एक उकळी आली की गॅस बंद करा. तार वगैरे बघायची नाही, हा पाक कच्चाच हवा. वर आलेली मळी चमच्याने काढा आणि पाक गरम असतानाच ओल्या मलमलीतून गाळा. साखर कितीही पांढरी दिसली तरी मलमलीवर करडा थर राहतो, तो दोन महिन्यांनी बाटलीच्या तळाशी बसण्यापेक्षा इथेच गेलेला चांगला.

सुगंधासाठी बाजारचं इसेन्स न घालता मी दोन संत्र्यांची साल वापरते. फक्त वरचा नारिंगी भाग, पांढरा अजिबात नाही, किसणीवर हलक्या हाताने उतरवून गरम पाकात दहा मिनिटं ठेवायचा आणि पाकाबरोबरच गाळून टाकायचा. तीन लिटरला दोन संत्री पुरे. एकदा मी हौसेने सहा संत्र्यांची साल घातली होती. पहिल्या आठवड्यात घर घमघमलं, आणि महिन्याभराने तोच वास औषधी वाटू लागला.

सकाळी पाक पूर्ण गार झाला आहे का ते भांड्याला तळहात लावून बघा. किंचितही कोमट लागला तर थांबा. मग ताजा गाळलेला रस त्यात ओता आणि स्वच्छ, कोरड्या पळीने सावकाश ढवळा. जोरात घुसळू नका, हवा मिसळली की रंग लवकर काळवंडतो. आता सगळं मापाच्या भांड्याने मोजा. उकळताना थोडं पाणी उडालेलं असतं. तीन लिटरला जितकं कमी पडेल तितकं उकळून गार केलेलं पाणी घाला.

इथे चव बघायची, पण नुसत्या स्क्वॅशची नाही. नुसतं चाखलं तर ते फार गोड आणि फार आंबट दोन्ही लागतं, आणि काहीच ठरवता येत नाही. एक चमचा स्क्वॅश आणि तीन चमचे थंड पाणी असं वाटीत करून चाखा. फळ खूप गोड असेल तर सपक लागेल, तेव्हा लिटरमागे एक-दोन ग्रॅम सायट्रिक ॲसिड आणखी घाला, चमचाभर पाण्यात विरघळवून. फळ आंबट असेल तर पुढच्या घाण्याला लिटरमागे 8 ग्रॅमपासून सुरुवात करा, पण त्याखाली जाऊ नका. कारण वर सांगितलंच आहे.

केएमएस कसं मोजायचं

घरगुती वजनकाट्यावर 0.6 ग्रॅम किंवा 1.8 ग्रॅम नीट मोजता येत नाही. त्यामुळे बहुतेक जण अंदाजाने चिमूट टाकतात, आणि तिथेच दोन्ही बाजूंनी चूक होते. कमी पडलं तर स्क्वॅश फसफसतं. जास्त झालं तर पेल्यातून जळक्या काडेपेटीसारखा वास येतो आणि घसा खवखवतो.

यावरचा सोपा उपाय असा: 6 ग्रॅम केएमएस मोजा, एवढं साध्या डिजिटल काट्यावर बऱ्यापैकी अचूक येतं. ते थोड्या उकळून गार केलेल्या पाण्यात विरघळवा आणि मग पाणी घालून सगळं बरोबर 100 मिली करा. आता या पाण्याच्या 10 मिलीत 0.6 ग्रॅम केएमएस आहे. म्हणजे लिटरला 10 मिली, तीन लिटरला 30 मिली. औषधाच्या बाटलीबरोबर येतं ते मापाचं टोपण किंवा सुई नसलेली सिरिंज घेतली की झालं. हे पाणी करताना भांड्यावर वाकून वास घेऊ नका, खिडकी उघडी ठेवा. आणि ते करून ठेवायचं नाही, दर वेळी ताजंच करायचं.

लिटरला 0.6 ग्रॅम केएमएसमधून साधारण 345 मिलिग्रॅम सल्फर डायऑक्साइड मिळतो. स्क्वॅशसाठी नियमाची मर्यादा 350 पीपीएम, म्हणजे किलोमागे 350 मिलिग्रॅम आहे, आणि एक लिटर स्क्वॅशचं वजन सव्वा किलोच्या जवळ भरतं, म्हणून आपण मर्यादेच्या आतच राहतो. पिताना पाणी घातलं की ते आणखी चौपट पातळ होतं. तरीही दम्याच्या काही रुग्णांना सल्फाइटचा त्रास होतो, थोड्या प्रमाणातही. म्हणून बाटलीच्या चिठ्ठीवर तारखेबरोबर "केएमएस आहे" असं मी लिहिते, आणि कुणाला भेट देताना तोंडीही सांगते.

केएमएस खाण्याच्या प्रतीचंच घ्या, केकच्या आणि फळप्रक्रियेच्या सामानाच्या दुकानांत मिळतं. पुडी उघडी राहिली किंवा दमट झाली की त्याचा जोर जातो. डबा उघडल्यावर नाकात झणझणीत वास आला नाही, तर ते टाकून नवं आणा. आणि ते घालायचं सगळ्यात शेवटी, गार स्क्वॅशमध्ये. गरम पाकात घातलं तर वायू उडून जातो आणि टिकवायला काहीच उरत नाही.

बाटल्या

काचेच्या, अरुंद तोंडाच्या, आट्याच्या झाकणाच्या बाटल्या सोयीच्या. मोठ्या पातेल्याच्या तळाशी फडकं घालून बाटल्या आडव्या ठेवा, त्या बुडतील इतकं गार पाणी ओता आणि मग गॅस लावा. उकळी आल्यावर वीस मिनिटं. गार बाटली एकदम उकळत्या पाण्यात टाकली की तडकते. नंतर स्वच्छ फडक्यावर पालथ्या घालून पूर्ण कोरड्या होऊ द्या. आत थेंबभर पाणी राहिलं तर ते स्क्वॅशच्या वर तरंगतं, तिथला थर पातळ होतो, आणि बुरशी नेमकी तिथेच धरते.

झाकणं नवी घ्या, आतून प्लॅस्टिकचा थर असलेली. उघडा पत्रा आम्लाने आणि सल्फाइटने गंजतो. केएमएसचं जे 70 मिली पाणी उरलं आहे ना, त्यात चिमूटभर सायट्रिक ॲसिड घालून झाकणं दहा मिनिटं बुडवून ठेवा, मग उकळून गार केलेल्या पाण्याने धुवा. उकळलं तर ही झाकणं वाकडी होतात.

भरताना गळ्यापाशी दोन-अडीच सेंटिमीटर जागा सोडा. बाटलीचं तोंड उकळलेल्या पाण्यात पिळलेल्या स्वच्छ फडक्याने पुसून मग झाकण लावा. सांडलेला गोड थेंब आट्यांत राहिला की तिथे बुरशी येते आणि झाकणही चिकटून बसतं. बाटल्या अंधाऱ्या, गार कपाटात ठेवा. ओट्यावर किंवा फ्रिजच्या मागच्या गरम बाजूला नकोत. चव आणि रंग सहा महिने चांगले राहतात. पहिले आठ-दहा दिवस बाटली उघडू नका, केएमएसचा वास तेवढ्यात बराच निवळतो. एकदा उघडली की फ्रिजमध्ये ठेवा आणि महिन्याभरात संपवा.

बिघडलं की नाही, कसं ओळखायचं

गर खाली बसणं आणि वर पिवळसर, निवळ थर दिसणं हे बिघडणं नव्हे. बाजारच्या स्क्वॅशमध्ये गर तरंगत ठेवण्यासाठी वेगळे घटक घातलेले असतात, आपल्यात नाहीत. बाटली हलवली की झालं. उन्हाळा सरता सरता रंग तपकिरीकडे झुकतो. तेही उष्णतेने आणि उजेडाने होतं, चव जरा मंदावते, पण पिण्यात धोका नाही.

गळ्याशी बारीक बुडबुड्यांचं कडं दिसलं, झाकण फिरवताच हवा सुटली, किंवा दारूसारखा आंबूस वास आला, तर यीस्ट वाढलं आहे. वर पांढरा किंवा हिरवट ठिपका दिसला, तर बुरशी. दोन्ही वेळा बाटली ओतून द्या. वरचं काढून खालचं उकळून वापरू, असा विचार करू नका. आणि एक बाटली फसफसली की त्याच घाण्याच्या बाकीच्याही बाटल्या उघडून तपासा, सिंकमध्ये, तोंडापासून दूर धरून.

पेल्यात किती पाणी

या स्क्वॅशचं प्रमाण एकास तीन. एक भाग स्क्वॅश आणि तीन भाग पाणी, म्हणजे एकूण चार भाग. इथे नेहमी गोंधळ होतो. कुणी "पेल्यात एक तृतीयांश स्क्वॅश" असं समजतं आणि मग फार गोड झालं म्हणतं. 200 मिलीच्या पेल्याला 50 मिली स्क्वॅश आणि 150 मिली थंड पाणी. अशा सरबतात विद्राव्य घटक 14 टक्क्यांच्या आसपास राहतात, आणि तोंडाला ते नेमके गोड-आंबट लागतात. एकास चार केलं, म्हणजे 40 मिली स्क्वॅशला 160 मिली पाणी, तर ते 11 टक्क्यांच्या थोडं वर येतात. आमच्याकडे आता घरच्यांसाठी एकास चारच करतो, पाहुण्यांसाठी एकास तीन. एकास तीनच्या एका पेल्यात साखर 30 ग्रॅमच्या जवळ असते, सपाट सहा-सात चमचे. ज्यांना साखर जपायची आहे त्यांना हा आकडा आधी माहीत असावा.

बर्फ घालणार असाल तर तो पाण्यातच धरा. चार खडे वितळले की चाळीस-पन्नास मिली पाणी सहज होतं. मग 50 मिली स्क्वॅश, 100 मिली पाणी आणि बर्फ. सोडा घालायचा तर पाण्याऐवजी तेवढाच घाला. फक्त स्क्वॅश आधी आणि सोडा नंतर, कडेने, म्हणजे फेस येऊन पेला ओसंडत नाही. चिमूटभर मीठ घालून बघा, संत्र्याची चव उठून येते.

स्क्वॅश जड असतं, त्यामुळे पेल्यात वरून नुसतं ओतलं तर ते तळाशी बसतं, पहिला घोट पाण्याचा आणि शेवटचा पाकाचा. पेल्यात आधी स्क्वॅश घ्या, मग पाणी घालून तळापासून ढवळा.

दुसरं फळ घेतलं तर

लिंबाचा रस स्वतःच इतका आंबट असतो की त्याला सायट्रिक ॲसिड लागत नाही. लिटरला 300 मिली रस, 600 ग्रॅम साखर, 320 मिली पाणी आणि तेवढंच केएमएस. पिताना एकास चार. अननसाला संत्र्याचं प्रमाण जसंच्या तसं चालतं आणि त्याचा रस उष्णतेने कडू होत नाही, त्यामुळे ते फळ नवशिक्यांना सोपं. जांभूळ, काळी द्राक्षं, कोकम अशा लाल-जांभळ्या फळांना मात्र केएमएस घालू नका. सल्फर डायऑक्साइड त्यांचा रंग उडवतो. त्यांना सोडियम बेंझोएट वापरतात, लिटरला 0.7 ग्रॅम, तेही वरच्याच पद्धतीने पाण्यात विरघळवून मोजून.

घरी कार्यक्रम असला की हिशेब असा करते. पन्नास माणसं, प्रत्येकी 200 मिली, म्हणजे दहा लिटर सरबत. एकास तीनने त्याला अडीच लिटर स्क्वॅश आणि साडेसात लिटर पाणी. त्या साडेसातातलं दोन लिटर बर्फाने येऊ द्यायचं, म्हणजे साडेपाच लिटर गार पाणी आणि दोन किलो बर्फ. 750 मिलीच्या एका बाटलीत पंधरा पेले होतात, म्हणून तीन बाटल्या पूर्ण आणि चौथीतली एक वाटी-दीड वाटी. चौथी बाटली उघडलीच आहे तर ती फ्रिजमध्ये ठेवायची आणि उरलेलं स्क्वॅश त्या आठवड्यातच घरी संपवायचं.